स्वतःचे यंत्र घ्यावे की काम बाहेरूनच करून घ्यावे? स्थिर खर्च वाढला की नफा हिंदकळतो तो असा

प्रश्न: माझा कागदी खोकी बनवून देण्याचा व्यवसाय आहे. छपाई व कटाई बाहेरून करून घेतो. वर्षाची विक्री 60 लाख, कागद आणि बाहेरचे काम मिळून 45 लाख, कार्यालय व पगार 6 लाख. उरतात 9 लाख. 30 लाखांचे नवे यंत्र पूर्ण कर्जाने घेण्याचा विचार आहे (10 टक्के व्याज, सहा वर्षे). मग 45 लाखांचा खर्च 24 लाखांवर येईल. कारागीर, जागा, देखभाल आणि घसारा मिळून वर्षाला 18 लाख वाढतील. विक्रेत्याच्या हिशेबाने नफा 12 लाख होईल. निम्मे काम पेलणारे जुने, लहान यंत्रही मिळते आहे; त्याचा सगळा खर्च व्याजासह वर्षाला 9 लाख पडेल. गेल्या पाच वर्षांत विक्री 46 ते 60 लाखांच्या दरम्यान राहिली. एक ग्राहक एकटाच पाव काम देतो. घरासाठी वर्षाला 6 लाख लागतात, बचत 8 लाख आहे. नवे यंत्र घ्यावे का?

उत्तर: आजच्या परिस्थितीत नवे यंत्र घेऊ नये, असे माझे मत आहे. यंत्र वाईट आहे किंवा कर्ज महाग आहे, हे त्याचे कारण नाही. ते घेतल्यावर आपल्या खर्चाचा स्वभाव बदलेल, आणि आपल्या विक्रीचे चढउतार पाहता तो बदल आपल्या घरखर्चाला झेपणारा नाही.

विक्रेत्याच्या हिशेबात पहिली उणीव व्याजाची आहे. पहिल्या वर्षी सुमारे 3 लाख व्याज जाईल, म्हणजे 12 लाखांचे 9 लाख उरतील आणि आपण आज जिथे आहात तिथेच राहाल. 60 लाखांची विक्री हा नेमका असा आकडा आहे, की जिथे दोन्ही मार्गांनी सारखाच नफा होतो. (आयकर मी दोन्हीकडून बाजूला ठेवला आहे आणि व्याज पहिल्या वर्षाचे धरले आहे, मुद्दल फिटत जाईल तसे ते दरवर्षी थोडे कमी होईल.) म्हणून आजच्या विक्रीवर किती नफा होईल, हा प्रश्न येथे फारसा उपयोगाचा नाही. विक्री या आकड्यापासून वर किंवा खाली सरकली तर काय होईल, हे पाहायला हवे.

आज 100 रुपयांची विक्री झाली की त्यातले 75 रुपये कागद आणि बाहेरच्या कामाला जातात आणि 25 रुपये उरतात. लेखापाल या उरलेल्या रकमेला अंशदान म्हणतात, कारण त्यातूनच आधी स्थिर खर्च भागतो आणि मग नफा शिल्लक राहतो. विक्री घटली तर बाहेरच्या कामाचे बिलही त्याच प्रमाणात घटते, म्हणून धक्क्याचा तीन चतुर्थांश भाग परस्पर दुसऱ्यांच्या खात्यावर जातो. यंत्र आल्यावर 100 रुपयांतले 60 रुपये अंशदान म्हणून उरतील, आणि हे ऐकायला फार चांगले वाटते. परंतु त्या बदल्यात स्थिर खर्च 6 लाखांवरून व्याजासह 27 लाखांवर जाईल. विक्री होवो वा न होवो, हे 27 लाख द्यावेच लागतील, आणि विक्रीतला प्रत्येक लाख कमी झाला की 25 हजारांऐवजी 60 हजारांचा नफा कमी होईल.

आता भाव तेच ठेवून काम 20 टक्क्यांनी वाढले असे धरा. विक्री 72 लाख होईल. आजच्या पद्धतीने अंशदान 18 लाख आणि नफा 12 लाख, म्हणजे नफ्यात सुमारे 33 टक्के वाढ. यंत्र असताना अंशदान 43.2 लाख आणि नफा 16.2 लाख, म्हणजे 80 टक्के वाढ. हेच 20 टक्के काम कमी झाले आणि विक्री 48 लाखांवर आली, तर आजच्या पद्धतीने नफा 6 लाख राहतो; यंत्र असताना मात्र अंशदान 28.8 लाख, त्यातून 27 लाख वजा, आणि उरतात फक्त 1.8 लाख. स्थिर खर्चामुळे नफ्याला मिळणाऱ्या या ओढीलाच ऑपरेटिंग लिव्हरेज म्हणतात. ती अंशदान भागिले नफा या प्रमाणाने मोजतात, आणि काटेकोरपणे बोलायचे तर त्यात व्याज धरत नाहीत. व्याजाआधीचा नफा 12 लाख आणि अंशदान 36 लाख, म्हणून यंत्र असताना हे प्रमाण तिप्पट. आजच्या पद्धतीत 15 भागिले 9, म्हणजे सुमारे 1.67. कर्जाचे व्याज ही त्यावर चढवलेली दुसरी तरफ आहे, आणि दोन्ही मिळून आपले प्रमाण 36 भागिले 9, म्हणजे चौपट होते. यंत्र आणि कर्ज एकाच वेळी आले की या दोन तरफा एकमेकींत मिसळत नाहीत, एकमेकींना गुणतात. तिप्पट असलेले प्रमाण व्याजामुळे आणखी सुमारे 1.33 पट झाले, ते असे.

हे प्रमाण स्थिर नसते, हेही येथेच सांगायला हवे, कारण अनेक जण एकदा आकडा काढतात आणि तो कायमचा मानतात. 72 लाखांच्या विक्रीवर तुमचे प्रमाण सुमारे 2.7 असेल, तर 48 लाखांवर ते 16 होईल. तिथे विक्रीतली आणखी एक टक्का घट नफ्याचा 16 टक्के भाग खाऊन टाकेल. नफा शून्याजवळ आला की टक्केवारी भीतिदायक दिसू लागते आणि तिचा फारसा उपयोग राहत नाही. तिथे सरळ लाखांतच मोजावे.

लाखांत मोजले तर आपल्यासमोर तीन आकडे येतात. यंत्र असताना नफा शून्य होतो तो 45 लाखांच्या विक्रीवर. आपण ज्या ग्राहकाचा उल्लेख केला आहे, त्याचे काम 15 लाखांचे आहे. तो एकटा गेला तर आपण नेमके 45 लाखांवर येता. गेल्या पाच वर्षांतली सर्वांत कमी विक्री 46 लाखांची, तिथे नफा 60 हजार. त्याच वर्षी बाहेरून काम करून घेतल्यास 5.5 लाख. आणि घरासाठी लागणारे 6 लाख यंत्रातून निघायचे असतील तर विक्री निदान 55 लाखांवर राहिली पाहिजे, जेव्हा आजच्या पद्धतीने 48 लाख पुरतात. कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता वर्षाला 5 लाख आहे आणि घसाराही तितकाच धरला आहे, म्हणून नफ्याचा आकडा आणि हातात उरणारी रोकड येथे साधारण सारखीच राहते. नेहमी तसे असतेच असे नाही. 48 लाखांची दोन वर्षे लागोपाठ आली तर घरखर्चात दरवर्षी 4.2 लाख कमी पडतील, म्हणजे दोन वर्षांत 8.4 लाख, आणि 8 लाखांची बचत संपलेली असेल.

यावर असे म्हणता येईल की मंदी आलीच तर खर्च कमी करता येईल. काही प्रमाणात करता येईलही, पण 18 लाखांकडे बारकाईने पाहा. घसाऱ्याचे 5 लाख म्हणजे आधीच खर्च झालेला पैसा, तो कमी होत नाही. जागेचा करार मुदतीआधी सोडला तर दंड पडतो. उरतात कारागीर, परंतु यंत्रावर हात बसलेला माणूस एकदा सोडला की काम परत आल्यावर तसाच मिळत नाही, म्हणून मालक त्याला सहसा शेवटपर्यंत ठेवतात. स्थिर खर्च वाढताना चटकन वाढतो आणि उतरताना अडून बसतो. वरच्या बाजूलाही त्याची एक पायरी असते: यंत्राची क्षमता भरली की दुसरी पाळी लावावी लागते आणि 27 लाखांचा आकडा पुन्हा वर जातो. म्हणून क्षमता संपेल तिथपर्यंतचाच लाभ धरावा. ती क्षमता आपण कळवलेली नाही. विक्रेत्याकडून ती लेखी घ्या.

वरचा सगळा हिशेब कामाचे प्रमाण बदलण्याचा आहे, भाव बदलण्याचा नाही. भावातच 10 टक्के सूट द्यावी लागली तर खर्च तेवढाच राहून 6 लाख सरळ नफ्यातून जातील, आणि दोन्ही मार्गांनी नफा 9 लाखांवरून 3 लाखांवर येईल. तरीही यंत्र असलेल्याला सूट देण्याचा मोह अधिक होतो, हे मी अनेकांच्या हिशेबांत पाहिले आहे. आज 75 रुपयांच्या खाली काम घेतले तर आपल्याला उघड तोटा दिसतो, म्हणून आपण नकार देता. यंत्र रिकामे उभे असताना मात्र 50 रुपयांनाही काम घ्यावेसे वाटते, कारण कागदाचे 40 रुपये भागून 10 रुपये हाती येतात. एका रिकाम्या दिवसापुरते ते बरोबरही असते. अडचण अशी, की शेजारच्या यंत्रमालकाचाही हिशेब हाच असतो, आणि मंदीत दोघे मिळून बाजारभावच खाली आणतात. विमान कंपन्यांमध्ये तिकिटांच्या भावांची लढाई वारंवार पेटते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

आता लहान यंत्राकडे वळू. आपण त्याचा उल्लेख ओझरता केला आहे, पण मला तोच पर्याय अधिक विचार करण्याजोगा वाटतो. आपल्या 60 लाखांतले 30 लाखांचे काम त्यावर होईल. त्या कामात 60 टक्के अंशदान मिळेल, म्हणजे 18 लाख. उरलेल्या 30 लाखांच्या कामात आजच्यासारखे 25 टक्के, म्हणजे 7.5 लाख. एकूण 25.5 लाखांतून आजचा 6 लाखांचा आणि नवा 9 लाखांचा स्थिर खर्च वजा केला की नफा 10.5 लाख. खरा फरक वाईट वर्षात दिसतो. काम कमी झाले की आपण आधी बाहेर पाठवायचे काम थांबवाल आणि यंत्र भरलेले ठेवाल, म्हणून घट 25 टक्क्यांच्या भागातून होईल: 48 लाखांच्या विक्रीवर नफा 7.5 लाख, आणि मोठा ग्राहक जाऊन 45 लाख उरले तरी 6.75 लाख. चांगल्या वर्षी, 72 लाखांवर, 13.5 लाख मिळतील, जे नव्या यंत्राच्या 16.2 लाखांपेक्षा कमी आहेत. तेवढी किंमत येथे द्यावी लागते.

हा हिशेब दोन गोष्टींवर उभा आहे. पहिली म्हणजे दरमहा परत परत येणारे, एकाच मापाचे निदान 30 लाखांचे काम आपल्याकडे असले पाहिजे, आणि ते मोठा ग्राहक वगळून असले पाहिजे. गेल्या तीन वर्षांची बिले ग्राहकवार आणि महिनावार मांडली की ते कळेल. दुसरी म्हणजे 9 लाखांत दुरुस्तीचा खर्च पुरेसा धरलेला असला पाहिजे. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या तंत्रज्ञाकडून यंत्र चालवून पाहा, सुटे भाग अजून बनतात का ते विचारा, आणि तो सांगेल त्या दुरुस्तीचा आकडा हिशेबात घाला. एकूण खर्च 10.5 लाखांवर गेला तर नफा पुन्हा आजच्या 9 लाखांवर येतो आणि घेण्याचे कारण उरत नाही.

नव्या यंत्राचा विचार पुन्हा करावा तो विक्री 69 लाखांच्या आसपास सलग दोन वर्षे टिकल्यावर, कारण त्या पातळीवरून काम 20 टक्के घटले तरी ती 55 लाखांच्या खाली जाणार नाही आणि घरखर्च निघेल. मोठ्या ग्राहकाने वर्षभराच्या किमान मागणीचा लेखी करार दिला, तर त्याआधीही हिशेब नव्याने मांडता येईल. तो करार करताना किमान मागणी पूर्ण न झाल्यास किती भरपाई मिळेल, हे कलम आधी वाचा.