मामा, डिप्लोमावाली पोरं आणि ग्रुपवर टाकलेला फोटो

प्रश्न: माझ्या टीममध्ये 22-23 ची मुलं आहेत आणि पन्नाशी ओलांडलेले सीनियरही. चूक कशी सांगायची, मान कुणी कुणाला द्यायचा आणि शिफ्ट बदलून मिळणार की नाही, यावरून रोज कटकट होते. दोघांना एकत्र कसं चालवायचं?

मी भोसरीत एका मशीन शॉपची लाईन सांभाळते. सीएनसी टर्निंग म्हणजे संगणकावर चालणारं लेथकाम, तीन पाळ्या, बरीचशी कामं गाड्यांच्या सुट्या भागांची. सेटिंग करणारे, म्हणजे मशीन नव्या कामाला लावून देणारे मामा लोक माझ्या आधीपासून तिथे आहेत आणि डिप्लोमा करून आलेली पोरं दर वर्षी नवी असतात. त्यामुळे या विषयावर मला ऐकवणारे पुष्कळ भेटलेत. माझे जुने साहेब तर ठाम सांगायचे, "चारचौघांत झापल्याशिवाय लाईन चालत नाही. म्हातारे ऐकत नसतील तर बाजूला काढ, पोरं ऐकत नसतील तर बदल." हे चूक आहे असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. का, ते एका प्रसंगावरूनच सांगते.

आमच्याकडे 42 एच 7 चा एक बोअर, म्हणजे पीसमधलं गोल भोक, चालतो. 42 एच 7 म्हणजे माप 42.000 ते 42.025 मिलिमीटरच्या आत हवं, एकूण 25 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या 25 हजारांशांची मुभा. बोअर काढताना कापणारी टिप झिजत जाते तसा बोअर हळूहळू लहान होतो, म्हणून मधून मधून एक्स ऑफसेटला प्लस करेक्शन देऊन टिप जरा बाहेर सरकवावी लागते. मशीनवर होते आमचे सर्वांत जुने सेटर मामा. कुठल्या पीसनंतर किती द्यायचं हे त्यांच्या डोक्यात, कागदावर काही नाही. त्या दिवशी पहिल्या पाळीच्या शेवटच्या तासाला त्यांना शेजारच्या मशीनच्या सेटिंगला बोलावलं आणि इकडे हेल्परनं नुसतं लोडिंग-अनलोडिंग चालू ठेवलं. करेक्शन कुणी दिलंच नाही.

साडेतीनला दुसऱ्या पाळीचा पोरगा आला. हुशार पोरगा, हाताला स्वच्छ. त्यानं पहिला पीस मोजला, बोअर गेजवर 41.996. मग ट्रेमधले मागचे काढून बघितले, तेही लहान. त्यानं गेजच्या डायलचा आणि ट्रेचा फोटो काढला आणि प्रॉडक्शनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला: "42 बोअर अंडरसाइज. फर्स्ट शिफ्ट." ग्रुपमध्ये साहेब होते. त्यांनी तिथेच विचारलं, "मशीनवर कोण होतं?" आणि कुणीतरी मामांचं नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी मामा वेळेवर आले, हजेरी लावली, मशीन पुसलं आणि उभे राहिले. नवं सेटिंग लागलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "ज्याला मोबाइलवर सगळं कळतं त्याच्याकडून करून घ्या, मॅडम." भांडण नाही, आवाज नाही. पण इतर मामा लोकांनीही हात आखडते घेतले. विचारलं तेवढंच सांगायचं, आपणहून काही नाही. पुढचे काही दिवस सेटिंग जमेपर्यंत वाया जाणारे पीस वाढले. टीम बिघडल्याची खूण ही अशी असते. रिजेक्शनचा एकूण आकडा नंतर वाढतो. आधी सेटिंग बदलतानाचे पीस वाढतात, कारण जुन्या माणसानं न विचारता सांगायचं थांबवलेलं असतं. तुमच्याकडे मशीन नसेल तर तुमच्या कामात जिथे अनुभव कागदाबाहेर राहतो ती जागा शोधा आणि तिथे बघत राहा.

साहेबांचा निकाल तयार होता. पोरगा बरोबर, मामा जुनाट. पोरांचा निकाल तोच. मामा लोकांचा निकाल, की आजकालच्या पोरांना वडीलधाऱ्यांची किंमत नाही. मी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, मशीनपासून लांब, कँटीनच्या मागे.

पोरगा म्हणाला, "मॅडम, माझं कंत्राट दोन महिन्यांनी संपतंय. ते पीस माझ्या पाळीत मोजले गेले असते तर रिजेक्शन माझ्या नावावर पडलं असतं. मग मी कुणाला काय सांगणार होतो?" त्याला मामांचा अपमान करायचा नव्हता, त्याला पुरावा हवा होता. आणि मामा म्हणाले, "माझी नोकरी कोण काढत नाही. पण सव्वीस वर्षांत माझं नाव असं भिंतीवर लागलं नव्हतं." पर्मनंट माणसाकडे गमावण्यासारखं नाव असतं. कंत्राटी पोराकडे पुढची सही असते. आपण याला पिढ्यांचा फरक म्हणतो, पण कारखान्यात त्यातला मोठा भाग पर्मनंट आणि टेम्पररीचा फरक असतो. तो वयावर ढकलला की साहेब लोकांना सोयीचं जातं, कारण मग कंत्राटाबद्दल कुणी बोलत नाही. तुमच्या टीममध्येही आधी हे बघा: चूक नावावर लागली तर कोणाचं काय जातं? जन्मसाल नंतर बघा.

त्यात कामाचाही एक खरा मतभेद होता, तो दोघांनी कधी एकमेकांना सांगितलाच नव्हता. मामा मुद्दाम बोअर खालच्या बाजूला ठेवायचे, 42.005 च्या आसपास. कारण लहान राहिलेला बोअर परत मशीनवर लावून काढता येतो, मोठा झाला की सरळ भंगार. पोरगा शिकून आला होता की माप मुभेच्या मध्यावर ठेवायचं, म्हणजे दोन्हीकडे जागा राहते. त्याला वाटायचं मामांना नीट लावता येत नाही. मामांना वाटायचं पोरगा भंगार करायला निघालाय. दोघांना मशीनपाशी उभं करून ठरवलं: टार्गेट 42.012, आणि माप 42.006 वर आलं की करेक्शन. मामांची भीती राहिली नाही, कारण वर 13 मायक्रॉन मोकळे होते. आणि पोराला कळलं की खाली ठेवण्यामागे आळस नव्हता.

मग पाळी बदलताना हस्तांतर चालू केलं. जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनपाशीच तीन गोष्टी सांगतो: शेवटचं मोजलेलं माप, शेवटचं करेक्शन आणि टिप बदलल्यापासून किती पीस झाले. येणारा त्याच्यासमोर एक पीस स्वतः मोजतो. जमलं तर दोघांची सही, नाही जमलं तर तिथेच, दोघांतच बोलायचं. मशीन चालूच असतं, दोन-तीन सायकलमध्ये हे होतं. वहीतली ओळ अशी दिसते: "माप 42.009, एक्स +0.008 दिलं, टिपवर 60 पीस." रिजेक्शनचे फोटो ग्रुपवर बंद. पोराला पुरावा वहीत मिळाला, मामांचं नाव ग्रुपवर येणं थांबलं. तीच चूक पुन्हा पुन्हा आली तर ती माझ्याकडे येते आणि मी ती एकट्यात सांगते, मामा असोत की पोरगा.

पोरांनी लगेच विचारलं, की दहा मिनिटं आधी यायचं ते कुणाच्या खिशातून? रास्त प्रश्न आहे, आणि असं विचारणाऱ्याला उद्धट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कंपनीची बस तशीही सव्वातीनला सोडते. जो दहा मिनिटं आधी मशीन घेतो तो दहा मिनिटं आधी मशीन सोडतो, कारण त्यालाही पुढचा माणूस तसाच सोडवायला येतो. तास तेवढेच राहिले.

आता शिफ्ट बदलून मिळण्याचं. इथे तर मला जुन्या मंडळींचं ऐकून हसू येत नाही, चीड येते. "आम्ही कधी सवलत मागितली नाही." मागितली होती, पण तोंडी. जत्रा, पेरणी, पुतणीचं लग्न, आषाढीला चार दिवस वारी. "मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट करा" म्हटलं की होऊन जायचं, कारण ओळख होती. पोराची ओळख नसते म्हणून तो नियम मागतो, आणि आपण म्हणतो याला शिस्त नाही. मी दोघांच्या मागण्या एकाच वहीत आणल्या. पुढच्या आठवड्याची अदलाबदल गुरुवारपर्यंत लिहायची. बदली देणारा स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कुणाला काय येतं त्या तक्त्यात, त्याच पातळीचा हवा. आणि प्रत्येक पाळीत स्वतः सेटिंग करणारा एक माणूस राहिलाच पाहिजे. तिसरी अट नसेल तर सगळे जाणते हळूहळू पहिल्या पाळीत गोळा होतात आणि रात्री टिप तुटली की सकाळपर्यंत मशीन उभं राहतं. वही उघडी झाल्यावर मामा लोकांना पहिल्यांदा दिसलं की सर्वांत जास्त अदलाबदल त्यांचीच आहे. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण तक्रार थांबली.

एक अडचण तरीही येते. दुसरी पाळी संपवून कुणी लगेच तिसरी घेतो म्हणाला तर मी देत नाही, पैसे हवे असले तरी. आठवड्याला 48 तासांची मर्यादा कायद्यात आहे आणि झोप नसलेल्या माणसाचा हात पीस धरून फिरणाऱ्या चकपाशी गेलेला मला बघायचा नाही.

मान कुणी द्यायचा, याचं माझ्याकडे छोटं उत्तर आहे. आमच्याकडे पोरं मामांना मामाच म्हणतात आणि मामा पोरांना अरेतुरे करतात. ते मी बदलायला गेले नाही. पण पीस हातातून हिसकावून स्वतः करून दाखवायचं नाही, हे मामांना सांगितलं. ते त्याला शिकवणं समजतात, पोरगा त्याला "तुला येत नाही" समजतो. आधी त्याला लावू द्यायचं, मग मोजायचं, मग बोलायचं.

आता हे सगळं जिथे काम मोजता येतं तिथलं आहे. 41.996 ला कुणाची बाजू नसते. तुमचं काम डिझाइन, विक्री किंवा शिकवण्याचं असेल तर तशी वही बनवायला वेळ लागेल आणि चूक कशाला म्हणायचं हेच आधी दोघांनी ठरवावं लागेल. शिवाय शिफ्टचा अधिकार तुमच्या हातात नसेल तर अर्धी गोष्ट वरून मंजूर करून घ्यावी लागेल. आणि पोराच्या कंत्राटाचं मी काही करू शकले नाही. वहीच्या जोरावर त्याची शिफारस लिहिली, एकदा मुदत वाढली, मग तो चाकणला जास्त पगारावर गेला.

साहेब आता दुसऱ्या कंपनीत आहेत. मध्ये एका लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, तुझी माणसं चांगली होती म्हणून जमलं. साहेब, माणसं तीच होती. तुम्ही ज्यांना जुनाट म्हणालात ते मामा आता येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या आठवड्यात ती वही भरायला शिकवतात.