खप वाढला, पण हातात पैसा नाही

“मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई घरून कांदा-लसूण मसाला करून विकतो. महिन्याला लाखाची विक्री करायची असं दरवेळी ठरवतो, पण पुढे काय झालं हे कुणी बघत नाही. मी विचारलं तर त्यांना हिशेब मागितल्यासारखं वाटतं. वर कुणी मॅनेजर नाही, मग आढावा घ्यायचा कुणी?”

दोघी जावा साताऱ्याकडच्या. जूनअखेर माझ्याकडे आल्या, तेव्हा मी लाखाचा आकडा बाजूला ठेवला आणि एका किलोमागे काय उरतं ते विचारलं. मिरची, खोबरं, कांदा, लसूण, तेल, कांडप आणि पाकीट धरून किलोला ४२० रुपये खर्च येत होता, विक्री ६०० ला होती. म्हणजे किलोमागे १८० रुपये. जागेचं भाडं, वीज आणि मदतीला येणाऱ्या मावशींचा पगार मिळून महिन्याला ९,००० जात होते. पहिले ५० किलो त्यातच संपतात. या दोघींचं उत्पन्न एक्कावन्नाव्या किलोपासून सुरू होतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मागच्या जुलै ते सप्टेंबरात २४० किलो गेला होता. या वेळी ३०० ठरवला. पण त्याचे तीन सारखे भाग करणं चुकीचं ठरलं असतं. आखाडात मटणाचे बेत होतात, तेव्हा मसाला उचलला जातो. श्रावणात कित्येक घरांत कांदा-लसूण बंद. त्या वर्षी श्रावण बहुतेक ऑगस्टमध्येच होता, म्हणून जुलैला १२०, ऑगस्टला ७० आणि सप्टेंबरला ११० किलो असं वाटून घेतलं. असं केलं नाही तर ऑगस्टात उगाच खचायला होतं.

आता विचारायचं कुणी, हा खरा पेच. धाकटीने थोरलीला जाब विचारणं घरात शोभत नाही आणि ते नातं मोडून धंदा चालवावा असं मला अजिबात वाटत नाही. म्हणून प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले: किती किलो गेला, किती पैसे हातात आले, कुणाकडे किती उधारी आहे, या महिन्यात एकच काय बदलायचं. दर महिन्याच्या दोन तारखेला दुपारी बसायचं. एकीने वाचायचं, दुसरीने लिहायचं, पुढच्या महिन्यात उलट. बदल कोण करणार, कधीपर्यंत, हे त्याच ओळीत लिहायचं. प्रश्न वहीचा असल्यामुळे उत्तर देणं कुणालाच अपमानाचं वाटलं नाही.

दोन ऑगस्टला वहीत १२४ किलो लिहिलं गेलं आणि दोघी खूश झाल्या. दुसऱ्या प्रश्नाला मात्र ५१,००० रुपये निघाले. १२४ किलोच्या मालालाच ५२,००० हून थोडे जास्त लागले होते. खप वाढला, पण त्यातला ३९ किलो एका दुकानदाराकडे उधारीवर होता. नुसत्या विक्रीचं लक्ष्य ठेवलं की हे हमखास होतं: आकडा गाठायला माल देऊन टाकला जातो. किलो वाढत असताना पुढची मिरची घ्यायला पैसे कमी पडू लागले, तर तेच लक्षण समजावं.

त्या दिवशी बदल एकच लिहिला: पैसे आले तरच तो किलो मोजायचा, आणि आधीची उधारी फिटल्याशिवाय त्या दुकानाला पुढचा माल नाही. दुकानदाराशी बोलायचं काम थोरलीने घेतलं, कारण तिचा शब्द बाजारात चालतो. या मोजणीने जुलै ८५ किलोवर आला. ऑगस्टात जुन्या उधारीतले १९ किलो सुटले, ते धरून ७७ भरले. सप्टेंबरला ११६.

तिमाही २७८ वर थांबली, लक्ष्यापेक्षा २२ कमी. तरी मी पुढचा आकडा वाढवायला सांगितला नाही. ऑक्टोबरात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी येतात आणि हात चारच, त्यामुळे मसाला तेवढाच ठेवून फराळाच्या किती ऑर्डरी घ्यायच्या याची मर्यादा हेच त्या तिमाहीचं लक्ष्य झालं. जानेवारी ते मार्चचं लक्ष्य तर विक्रीचं नव्हतंच. वर्षभराची मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी भरावी लागते. तेव्हा रोख नसेल तर पुढे पावसाळ्यात चढ्या भावाने घ्यावी लागते आणि ते १८० रुपये तिथेच आटतात. म्हणून पैसे आलेल्या प्रत्येक किलोमागे ४० रुपये मिरचीच्या वेगळ्या खात्यात टाकायचं ठरलं, आणि वहीत पाचवा प्रश्न आला: मिरचीच्या खात्यात किती जमले?