एकाच पगारावर दोन देशांत कर: भाचीचा हिशेब

प्रश्न: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिसेंबर 2025 मध्ये नोकरीसाठी जर्मनीत आलो. इथे दरमहा पगारातून कर कापला जातोच. आता भारतातलं रिटर्न भरायला घेतलं, तर इथला पगारही त्यात दाखवावा लागेल असं म्हणतात आणि कराचा आकडा भलताच फुगतोय. एकाच पगारावर दोनदा कर? कोणी म्हणतं 'क्रेडिट मिळतं', म्हणजे नक्की काय आणि किती?

उत्तर:

माझ्या भाचीचं हेच झालं होतं, फक्त तुमच्या एक वर्ष आधी. तिचीच गोष्ट आकड्यांसकट सांगतो. आकडे गोल केलेत, पण प्रमाण खरं आहे.

ती 27 ऑक्टोबर 2024 ला निघाली आणि 1 नोव्हेंबरला जर्मनीत रुजू झाली. तोवरचा इथला पगार महिना 1,20,000, तिथला महिना 4,500 युरो. जुलैमध्ये एका रात्री तिचा फोन आला, "मामा, पोर्टल म्हणतंय मी अजून पाच लाख वीस हजार भरायचेत. मी तर तिकडे कर भरून बसलेय! चोरी केलीय का मी?"

मी पहिला प्रश्न विचारला तो दिवसांचा. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 किंवा जास्त दिवस भारतात असेल, तर त्या वर्षापुरता तो 'रहिवासी' ठरतो. रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. पैसे कुठल्या बँकेत जमा झाले याला काही अर्थ नाही. एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस मोजले तर 183 होतात. ती 28 सप्टेंबरला किंवा त्याआधी निघाली असती तर 181 वर थांबली असती, आणि हा फोन आलाच नसता. तिचे भरले 210. तुम्ही डिसेंबरात निघालात, म्हणजे तुमचाही प्रश्न मिटला: रहिवासी.

हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे दोनदा कर बरोबरच आहे?" नाही. दोन्ही देशांना कर लावायचा हक्क आहे, पण दोघांनी पूर्ण वसूल करू नये म्हणून भारत आणि जर्मनीत 1995 मध्ये करार झालेला आहे. भारत त्यात पगार माफ करत नाही. भारत म्हणतो, आधी सगळं उत्पन्न माझ्या हिशेबात धर, माझ्या दराने कर काढ, मग तिकडे भरलेला कर त्यातून वजा कर. या वजावटीला क्रेडिट म्हणतात. आयकर कायद्याचं कलम 90 आणि नियम 128 हे त्याचं घर.

आता हिशेब. भारतातला सात महिन्यांचा पगार 8,40,000. जर्मनीतला नोव्हेंबर ते मार्च, 22,500 युरो, सोयीसाठी 90 रुपये दराने 20,25,000. बेरीज 28,65,000, त्यातून 75,000 स्टँडर्ड डिडक्शन गेलं की 27,90,000. नव्या पद्धतीच्या त्या वर्षीच्या स्लॅबप्रमाणे पहिल्या 15 लाखांवर 1,40,000 आणि उरलेल्या 12,90,000 वर 30 टक्क्यांनी 3,87,000. चार टक्के सेस धरून 5,48,080. इथल्या कंपनीने टीडीएस कापला होता 27,560. उरले 5,20,520. पोर्टल तिला हेच दाखवत होतं, कारण तिने परदेशी कराची माहिती भरलेलीच नव्हती.

इथे तिने पहिली चूक केली. पगाराच्या पावतीवर कपात होती जवळजवळ 1,600 युरो, आणि तिने ती सगळी 'कर' म्हणून पाठवली. पण त्यातले 900 च्या आसपास पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विम्याचे हप्ते होते. विम्याचा हप्ता हा आयकर नाही, त्याचं क्रेडिट नाही. आयकराची ओळ वेगळी असते, 'लोनश्टॉयर' नावाची, आणि ती होती साधारण 680 युरो. पाच महिन्यांचे 3,400 युरो, म्हणजे 3,06,000 रुपये. कोणी पूर्ण कपात टाकून क्रेडिट घेतलं तर सुरुवातीला ते चालूनही जातं, पण कागदपत्रं मागितली की पावतीच उघडं पाडते.

मग येते मर्यादा. हा भाग बहुतेकांना माहीतच नसतो. क्रेडिट म्हणजे तिकडचा कर, किंवा त्याच उत्पन्नावर भारतात बसणारा कर, यातला जो कमी तो. दुसरा आकडा काढायला सरासरी दर लागतो: 5,48,080 भागिले 27,90,000, म्हणजे 19.64 टक्के. 20,25,000 वर तो येतो साधारण 3,97,800. तिने भरलेले 3,06,000 त्याहून कमी, म्हणून पूर्ण क्रेडिट. भरायचे राहिले 2,42,080, टीडीएस वजा केला की 2,14,520.

ती शांत झाली नाही. "क्रेडिट मिळालं तर मग शून्य का नाही?" कारण जर्मन पगारावर भारताचा दर तिकडच्या कापलेल्या करापेक्षा जास्त निघाला, आणि वर तिचा इथला पगारही वरच्या स्लॅबमध्ये ढकलला गेला. क्रेडिटमुळे दुहेरी कर जातो, पण जास्त दर असलेल्या देशाचा फरक राहतोच. उलटही होतं. तिकडे महिन्याला 1,000 युरो कापले असते, म्हणजे 4,50,000 रुपये, तरी क्रेडिट 3,97,800 वरच थांबलं असतं. वरचे 52,200 गेले. भारत ते परत देत नाही आणि पुढच्या वर्षी वापरायलाही देत नाही.

या 2,14,520 वर तिला व्याजही लागलं. परदेशी कंपनी भारताचा टीडीएस कापत नाही, त्यामुळे अॅडव्हान्स टॅक्स भरायची जबाबदारी तिची होती. मार्चपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर ते व्याज वाचलं असतं. तुमचं तेच असेल, तर आता जितक्या लवकर भराल तितकं बरं, कारण एप्रिलपासून महिन्याला एक टक्का चालू असतं.

कागदाच्या बाजूला दोन गोष्टींनी तिला दमवलं. पहिली, वर्षांचा घोळ. जर्मनीचं कर वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. 2024 चा कंपनीचा वार्षिक दाखला मिळाला, पण त्यात नोव्हेंबर-डिसेंबरच होते. जानेवारी ते मार्चचा कर 2025 च्या दाखल्यात येणार, आणि तो यायला 2026 उजाडणार. त्यावर उपाय म्हणजे महिन्यांच्या पगारपावत्या आणि स्वतःचं सही केलेलं निवेदन. नियम 128 मध्ये कर कापल्याचा पुरावा जोडून असं निवेदन चालतं. वार्षिक दाखल्याची वाट पाहत बसू नका.

दुसरी, रूपांतराचा दर. मी 90 धरला, पण खरं करताना पगार आणि कर दोन्ही महिन्यागणिक बदलायचे, आणि दर घ्यायचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, मागच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेचा. म्हणजे नोव्हेंबरच्या पगाराला आणि त्याच महिन्यात कापलेल्या कराला 31 ऑक्टोबरचा. गुगलवर दिसणारा मधला दर घेऊ नका. फरक थोडा असतो, पण तुमचा आकडा कुठून आला हे विचारलं तर सांगता यायला हवं.

फॉर्मचं म्हणाल तर आयटीआर-1 चालत नाही, 2 घ्या. परदेशी पगार आणि क्रेडिट शेड्यूल एफएसआय आणि टीआरमध्ये, आणि तिकडचं बँक खातं शेड्यूल एफएमध्ये (ते कॅलेंडर वर्षानुसार मागतात, हाही एक घोळच). क्रेडिटसाठी मात्र फॉर्म 67 वेगळा भरावा लागतो, पोर्टलवरच. भाचीने रिटर्न आधी टाकलं आणि फॉर्म विसरली, तर प्रक्रियेत क्रेडिट शून्य धरून मागणीपत्र आलं. तिच्या वर्षासाठी फॉर्म भरायची मुदत 31 मार्च 2026 पर्यंत होती, म्हणून निभावलं: फॉर्म भरला आणि दुरुस्तीचा अर्ज केला. फॉर्म उशिरा भरला म्हणून क्रेडिट नाकारू नये असे ट्रिब्युनलचे निकाल आहेत, पण तिथवर जायची वेळ येऊ देऊ नये. आधी फॉर्म, मग रिटर्न.

आणि आता जिथे ती खरोखर वैतागली तो भाग. तिने जर्मनीतही 2024 चं रिटर्न भरलं होतं. तिकडे दर महिन्याचा कर वर्षभर तोच पगार मिळणार असं धरून कापतात, पण तिचे त्या वर्षी दोनच महिने होते. परतावा आला सुमारे 900 युरो. आनंद दोन दिवस टिकला. परत मिळालेला कर हा भरलेला कर राहत नाही, म्हणून क्रेडिट 3,06,000 वरून 81,000 ने घटून 2,25,000 झालं, आणि तेवढे भारताला जास्त द्यावे लागले. तिने सुधारित फॉर्म 67 भरला आणि डिसेंबरअखेरच्या आत सुधारित रिटर्न टाकलं. भारताचा दर जास्त असेपर्यंत जर्मनीचा परतावा तुमचा नसतो, तो फक्त एका देशातून दुसऱ्या देशात जातो. तरीही तो घ्या, कारण जो कर तुम्हाला परत मागता आला असता तो इथे क्रेडिट म्हणून टिकवणं कठीण आहे.

जाता जाता, तुम्हाला कोणी सांगेल की करारानुसार तुम्ही जर्मनीचे रहिवासी ठरता, म्हणून तिथला पगार भारतात करपात्रच नाही. तो मार्ग आहे. पण त्यासाठी तिकडचा रहिवासाचा दाखला लागतो आणि तुमचं घर-संसार कुठे आहे हे पटवावं लागतं. कुटुंब इथे, घर इथे आणि तुम्ही नुकतेच गेलेले, तर मी त्या वाटेला जाणार नाही.

तुमचं वर्ष 2025-26, त्यामुळे स्लॅब वेगळे आहेत, 30 टक्के 24 लाखांच्या वर लागतो, म्हणजे तेवढ्याच उत्पन्नावर तुमचा सरासरी दर भाचीपेक्षा कमी येईल आणि मर्यादा तुम्हाला आधी अडवू शकते. पगारपावत्यांतली फक्त आयकराची ओळ, महिन्यागणिक, आणि भारतातला पगार इथे टाका, आकडा काढून देतो. भाचीला यंदा हे काही नाही, वर्षभरात ती फक्त तीन आठवडे भारतात होती, म्हणून तिकडचा पगार तिच्या इथल्या रिटर्नमध्ये येतच नाही.