क्लिप आणि लर्निंग रेट: दोन वेगळे लगाम

प्रश्न: पीपीओमध्ये क्लिप कशाला लागतं? लर्निंग रेट कमी ठेवला तर तेच काम होत नाही का?

होत नाही. पीपीओ ही बक्षिसावरून वागणे शिकवणारी रीइन्फोर्समेंट लर्निंगची पद्धत. एका फेरीत वागणे किती बदलू द्यायचे यावरचा लगाम म्हणजे क्लिप आणि नेटवर्कचे पॅरामीटर दर पावलाला किती हलवायचे ते ठरवतो लर्निंग रेट. हाच वाद मी पदव्युत्तर प्रकल्पाच्या वेळी माझ्या मार्गदर्शक सरांशी घातला होता आणि तेव्हा मला तो सिद्ध करता आला नव्हता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझा विषय खाजन शेतीतल्या मानशीचा होता. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर मांडवी-जुवारीच्या काठची खाजने खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली असतात आणि त्या बांधातले पाण्याचे दार म्हणजे मानस. ओहोटीला शेतातले जादा पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढे तिचे काम. आमच्या सिम्युलेटरमध्ये मोटरवर चालणारे दार होते आणि दर तासाला चारपैकी एक क्रिया निवडायची होती: बंद, पाव उघडे, अर्धे उघडे किंवा पूर्ण उघडे.

एका फेरीत 2048 नमुने, 64ची मिनिबॅच आणि त्याच डेटावरून 10 वेळा फिरणे, असा सर्वसाधारण बेत होता. म्हणजे एकदा गोळा केलेल्या डेटावर 320 ग्रेडियंट पावले पडतात, आणि प्रश्नाचे मूळ इथेच आहे. अ‍ॅडव्हान्टेजचे आकडे, म्हणजे एखादी क्रिया सरासरीपेक्षा किती बरी ठरली याचे माप, जुन्या पॉलिसीने, म्हणजे डेटा गोळा करतानाच्या निर्णयपद्धतीने, चालून पाहिलेल्या वाटेवर मोजलेले असतात. पहिल्या पावलाला ते खरे असतात, पण पॉलिसी जसजशी दूर जाते तसतसे ते तिच्याविषयी काहीच सांगेनासे होतात.

आमच्याच सिम्युलेटरमधली एक स्थिती घ्या. पावसाळा आहे, शेत भरले आहे, ओहोटी नुकतीच लागली आहे. जुनी पॉलिसी इथे दार पूर्ण उघडण्याला 0.10 एवढीच संभाव्यता देते. डेटात ती क्रिया मोजक्याच वेळा घडली, दर वेळी पाणी छान उतरले, त्यामुळे अ‍ॅडव्हान्टेज +2 आला. क्लिप नसेल तर उद्दिष्ट फक्त r·A असते, ज्यात r म्हणजे नव्या आणि जुन्या संभाव्यतेचे गुणोत्तर. संभाव्यता 0.60 वर नेली की r 6 होतो आणि कागदावर 12चा लाभ दिसतो. ऑप्टिमायझर तिकडेच धावणार. पण नेटवर्कचे पॅरामीटर सगळ्या स्थितींसाठी सामाईक असतात. भरती वळायच्या आधीच्या तासात बाहेरची पातळी जवळजवळ तेवढीच असते, म्हणून दार उघडण्याची ओढ तिथेही वाढते आणि खारे पाणी शेतात शिरते. त्या चुकीची किंमत हातातल्या डेटात जवळजवळ नाहीच, कारण जुनी पॉलिसी तिथे दार क्वचितच उघडत होती.

क्लिप केल्यावर उद्दिष्ट असे होते:

```
min( r·A, clip(r, 1-ε, 1+ε)·A )
```

ε 0.2 असेल तर संभाव्यता 0.12 झाली की त्या नमुन्याचा ग्रेडियंट शून्य होतो, कारण आणखी ढकलून काही मिळत नाही. पुढच्या फेरीत नवा डेटा येतो, त्यात खाऱ्या पाण्याचा फटका मोजला जातो आणि पॉलिसीला सावरायची संधी मिळते. दर फेरीला 1.2 पट या हिशेबाने 0.10 वरून 0.60च्या पलीकडे जायला सुमारे दहा फेऱ्या लागतात आणि प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये ताजी मोजणी होते. क्लिपचा खरा उपयोग हा आहे. `min` कशासाठी, हेही इथेच सांगतो: एखाद्या वाईट क्रियेची संभाव्यता चुकून वाढली, समजा A = −1 आणि r = 1.5, तर `min` −1.5 निवडतो, −1.2 नव्हे. म्हणजे चुकीच्या दिशेला गेलेल्याला मागे ओढणारा ग्रेडियंट जिवंत राहतो.

आमची पॉलिसी मात्र चाळिसाव्या फेरीच्या आसपास कोसळली. एंट्रॉपी, म्हणजे क्रिया निवडण्यातली अनिश्चितता, शून्याला टेकली आणि दार सदैव पूर्ण उघडे राहू लागले. एकदा तसे झाले की परतीची वाट नसते, कारण डेटा तीच पॉलिसी गोळा करते. प्रत्येक वाटेवर शेत खारटच, त्यामुळे बरे-वाईट वेगळे करायला काही उरत नाही. वर अ‍ॅडव्हान्टेज नॉर्मलाइझ केला की उरलेला गोंगाटच मोठा होऊन समोर येतो. सर म्हणाले, "क्लिप हा देखावा आहे, लर्निंग रेट कमी कर." मी 3e-4चा 3e-5 केला. कोसळणे लांबले, शिकणे रांगायला लागले आणि प्रबंधात "क्लिपचा परिणाम आढळला नाही" असे वाक्य माझ्याच हाताने लिहावे लागले.

पदवी मिळाल्यावर काही महिन्यांनी मी तोच कोड पुन्हा उघडला आणि `clip_fraction`, म्हणजे किती नमुन्यांना क्लिप लागू झाले त्याचा वाटा, छापून पाहिला. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत तो नेमका 0.0 होता. कारण हे:

```python
for epoch in range(10):
    for s, a, adv in minibatches:
        old_logp = policy.log_prob(s, a).detach()  # चूक
        ratio = (policy.log_prob(s, a) - old_logp).exp()
```

जुनी संभाव्यता दर पावलाला नव्याने काढली जात होती. मग r कायम 1, क्लिप कधीच लागू नाही, आणि शिळ्या डेटावर 320 बेलगाम पावले. `old_logp` डेटा गोळा करतानाच साठवून ठेवला आणि 3e-4 वरच पाच वेगवेगळ्या सीडने चालवले. एकही पॉलिसी कोसळली नाही. ज्या प्रयोगावरून क्लिप निरुपयोगी ठरवले, त्या प्रयोगात क्लिप नव्हतेच.

लर्निंग रेट पॅरामीटरचे पाऊल आवरतो, वर्तनातला बदल नव्हे. संभाव्यता 0.50ची 0.54 झाली तर गुणोत्तर 1.08, पण 0.01ची 0.05 झाली तर 5. तेवढाच 0.04चा फरक, पण दुसऱ्या ठिकाणी वागणे पार बदललेले असते. कोणत्या स्थितीत किती सरकलो हे लर्निंग रेटला कळत नाही. क्लिप नेमके तेच, नमुन्यागणिक, नेटवर्कच्या बाहेरच्या टोकाला मोजते. शुलमन आणि सहकाऱ्यांच्या 2017च्या मूळ शोधनिबंधातही सात कामांवर क्लिप असताना आणि नसताना अशी तुलना आहे. यादृच्छिक पॉलिसीला 0 आणि सर्वोत्तम निकालाला 1 मानले, तर ε = 0.2च्या क्लिपला सरासरी 0.82 गुण मिळाले आणि काहीच बंधन नसताना −0.39, म्हणजे शिकण्याआधी होती त्याहून वाईट स्थिती.

आता उलट बाजूही सांगायला हवी. क्लिप ही भिंत नव्हे. एखाद्या नमुन्याचा ग्रेडियंट शून्य झाला तरी इतर नमुने सामाईक पॅरामीटर हलवत राहतात आणि त्याचा r 1.2च्या पलीकडे जातो. म्हणून जुन्या आणि नव्या पॉलिसीतले अंतर अंदाजे मोजणाऱ्या `approx_kl`वर लक्ष ठेवावे आणि तो ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की त्या फेरीतली उरलेली पावले सोडून द्यावीत. शिवाय 2020 मध्ये एंगस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पीपीओच्या यशात लर्निंग रेट हळूहळू उतरवणे, बक्षिसाचे प्रमाण ठरवणे अशा बारीकसारीक गोष्टींचा वाटा फार मोठा आहे. तेवढ्यापुरते सरांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

तुमच्या कोडमध्ये एकच गोष्ट आधी तपासा: प्रत्येक फेरीच्या पहिल्या पावलाआधी r सगळीकडे 1 असला पाहिजे आणि शेवटच्या पावलानंतर तसा असता कामा नये. पहिल्या ठिकाणी 1 नसेल तर साठवलेली संभाव्यता चुकीची आहे. दुसऱ्या ठिकाणीही 1च असेल तर तुमचे क्लिप माझ्यासारखेच कधी चाललेलेच नाही.