बायोमध्ये काय लिहावं, म्हणजे घाण मेसेज थांबतील?

"मॅडम, मी चौतीस वर्षांची, घटस्फोटित. डेटिंग ॲपवर आले ते पुन्हा कुणी नीट माणूस भेटावा म्हणून. पण सकाळी फोन उघडला की अंगावर शिसारी येते. बायोत स्पष्ट लिहिलंय, तरी तेच. प्रोफाइलच काढून टाकू का?"

(प्रसंग त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्या कोथरूडला राहतात, नोकरी हिंजवडीत. मी त्यांना सगळ्यात आधी एकच काम दिलं: त्रासदायक मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन या, आणि कुठला मेसेज कुठून आला ते पाहू. त्यातून निघालं ते त्यांनाही अनपेक्षित होतं. अश्लील मेसेज बहुतेक ॲपवर नव्हतेच, इन्स्टाग्रामवर होते. त्यांच्या ॲपवर दोघांची पसंती जुळल्याशिवाय बोलता येत नाही. पण बायोत इन्स्टाचं नाव दिलेलं असल्यामुळे कुणीही ती पायरी ओलांडून थेट तिकडे पोहोचत होतं. ते नाव आम्ही आधी काढलं. ज्यांच्यात सोसायटीचं फाटक आणि गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र दिसत होतं, ती दोन छायाचित्रंही काढून टाकली. "साडीतला फोटो ठेवू का मग?" त्यांनी विचारलं. साडीतला होताच की, आणि त्यावरही शेरे आलेच होते. कपड्यांचा संबंध नव्हता, म्हणून बाकीचे फोटो तसेच राहिले.

मग बायो. जुना असा होता: "टाइमपासवाल्यांनी लांब राहा. हुकअप नको. घटस्फोटित म्हणजे अव्हेलेबल नाही, कळलं?"

राग रास्तच होता. पण ज्याच्यासाठी ही वाक्यं लिहिली, तो बायो वाचत नाही, वाचलाच तर "एवढी चिडतेस का गं?" म्हणत वाद घालायला येतो. आणि जो वाचतो, त्या सभ्य माणसाला न केलेल्या गुन्ह्याबद्दल दम मिळतो. वर आणखी एक विसंगती होती. 'काय शोधताय?' या रकान्यात त्यांनी "अजून ठरवलं नाही" निवडलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लग्न लिहिलं की फार घाईची वाटेन ना." मर्यादा सांगायची आणि हेतू झाकायचा, हे एकत्र जमत नाही.

नवा मजकूर लिहिताना माझा आग्रह एवढाच होता की समोरच्याने काय करू नये याऐवजी आपण काय करणार ते लिहायचं. ते पाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं. दोन-तीनदा खाडाखोड होऊन हे उरलं:

"घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. लग्नाच्या विचाराने इथे आहे, घाई नाही. सुरुवातीच्या गप्पा इथेच करते, नंबर भेटीनंतर देते. पहिली भेट दुपारी, कॅफेत, तासभर. शरीरावर बोलणं आलं की उत्तर न देता रिपोर्ट करते. पहिल्या मेसेजमध्ये सांगा: सिंहगडावर पोहोचल्यावर आधी पिठलं-भाकरी की मडक्यातलं दही?"

'घटस्फोट' हा शब्द ठेवायचा की नाही यावर आम्ही बराच वेळ बोललो. काढला असता तरी मला चाललं असतं. ती माहिती कधी द्यायची हा त्यांचा हक्क आहे. पण त्यांना तो लपवायचा नव्हता, फक्त त्यामागचं "कळलं?" नको होतं.

दह्याचा प्रश्न गमतीचा दिसतो, पण चाळणी तोच आहे. ज्याने वाचलं तो उत्तर देतो; नुसतं "हाय ब्युटिफुल" आलं की कळतं, वाचलेलं नाही. तिथे चिडायचं कारण नाही, पुढे जायचं.

याने घाण मेसेज पूर्ण थांबले नाहीत, थांबणारही नव्हते. कुणी दह्याचं छान उत्तर देऊन तिसऱ्या दिवशी घसरलाच. "मी त्याला चांगलं सुनावू का?" असा त्यांचा फोन आला. मी म्हटलं, बायोत लिहिलंय तेवढंच करा. आधी स्क्रीनशॉट, त्यात त्याचं प्रोफाइलही दिसू द्या. मग रिपोर्ट, आणि सगळ्यात शेवटी अनमॅच. क्रम महत्त्वाचा, कारण बऱ्याच ॲपवर अनमॅच केलं की सगळं संभाषणच दिसेनासं होतं आणि दाखवायला हातात काही राहत नाही. नकार दिल्यावरही कुणी वेगवेगळ्या खात्यांवरून मागे लागला, तर तो पाठलागाचा गुन्हा होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम 78. लैंगिक शेरेबाजीसाठी कलम 75 आहे. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर करता येते.

त्यांनी सुनावलं नाही. रिपोर्ट करून त्या जेवायला बसल्या, आणि संध्याकाळी मला कळवलं की दह्यावाला दुसरा एक आहे, त्याला शनिवारी दुपारी कर्वे रस्त्यावर भेटणार आहेत. तासभरच.