पोर्टल बंद झालं, सॉफ्टवेअर रिटर्न पाठवतच राहिलं: वाचकांचे प्रश्न

आमच्या सीएंनी ३१ डिसेंबर २०२५ च्या रात्री सॉफ्टवेअरमधून आयकर रिटर्न रांगेत लावली होती. माझं गेलंच नाही, पोर्टल बंद झालेलं. ४२ हजार रिफंड आहे. हेल्पडेस्ककडे मुदत मागितली तर तिकीट बंद केलं. आता कुठे जायचं? (सांगली)

हेल्पडेस्कवाल्यांवर चिडू नका, त्यांच्या हातात ते नाहीच. मुदत सगळ्यांसाठी वाढवायची तर सीबीडीटी वाढवतं आणि एकट्यासाठी उशीर माफ करायचा तर आयकर आयुक्त करतात, कलम ११९(२)(ब) खाली. २०२५-२६ या निर्धारण वर्षासाठी अजून १९६१ चाच कायदा लागतो, त्यामुळे कलमं जुनीच.

पण अर्ज करायच्या आधी एक काम करा, पोर्टलवर लॉगिन होऊन `e-File > Income Tax Returns > View Filed Returns` बघा. सॉफ्टवेअर "फेल" म्हणतं तेव्हा कधीकधी रिटर्न पोचलेलं असतं, फक्त परत येणारं उत्तर वाटेत अडकलेलं असतं. तिथे पावती क्रमांक दिसला, तारीख ३१ डिसेंबर किंवा आधीची असली, तर फक्त ई-व्हेरिफाय करायचं राहिलंय. अपलोडपासून ३० दिवसांत व्हेरिफाय केलं तर अपलोडची तारीखच धरतात, त्यानंतर केलं तर व्हेरिफाय केल्याची तारीख धरतात आणि मग रिटर्न मुदतीबाहेर जातं.

तिथे काहीच नसेल तर `Services > Condonation Request` मधून उशीर माफीचा अर्ज. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक ११/२०२४ प्रमाणे एका वर्षाचा क्लेम १ कोटीपर्यंत असेल तर निर्णय आयुक्त पातळीवरच होतो, त्यामुळे तुमचं प्रकरण तिथेच. अर्जाची मुदत निर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षं, म्हणजे तुमच्या बाबतीत ३१ मार्च २०३१. घाई नाही, पण पुरावे ताजे आहेत तोवर केलेलं बरं. आयुक्त बघतात की क्लेम खरा आहे का आणि रिफंड न मिळाल्याने खरोखर अडचण होते का. माफी मिळाली की त्या आदेशाचा तपशील घालून ११९(२)(ब) हा पर्याय निवडून रिटर्न भरायचं. उशिराच्या रिफंडवर व्याज मात्र मिळत नाही, त्यामुळे ते हिशेबात धरू नका.

माझ्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये "३१ डिसेंबर १८:३४" असं स्पष्ट आहे, म्हणजे संध्याकाळी साडेसहालाच पाठवलं होतं. हाच पुरावा पुरेसा ना? (नाशिक)

थांबा, शेवटचं अक्षर बघा:

```
2025-12-31T18:34:12Z  POST  503
```

ते `Z` म्हणजे वेळ ग्रीनिचची आहे. आपली वेळ त्यात साडेपाच तास मिळवून निघते, म्हणजे हा प्रयत्न झाला १ जानेवारीला रात्री १२ वाजून ४ मिनिटांनी. हा कागद तुम्ही आयुक्तांपुढे ठेवलात तर तो तुमच्याच विरुद्ध जाईल. असे लॉग मी पुष्कळ बघते, लोक तारखेवर खूश होतात आणि `Z` कडे बघतच नाहीत. मध्यरात्रीची सीमा या घड्याळात १८:३० ला पडते, तर १८:३० च्या आधीची ओळ शोधा. ती असली तर तिथे काय कोड आला ते बघा, `503` म्हणजे समोरचा सर्व्हर त्या क्षणी काम घेत नव्हता, `401` आला असेल तर तुमचंच लॉगिन संपलेलं होतं आणि दोष पोर्टलचा नाही. या दोन गोष्टी अर्जात मिसळू नका.

हेल्पडेस्कला मग लिहायचं तरी काय? "मुदत द्या" लिहिलं तर बंद करतात. (पुणे)

मुदत मागूच नका, नोंद मागा. `Grievances` मध्ये तक्रार टाकताना पॅन, निर्धारण वर्ष, कुठला फॉर्म, कुठल्या वेळी (भारतीय वेळ!) प्रयत्न झाला, काय एरर आली, ट्रान्झॅक्शन आयडी असेल तर तो, एवढंच. मजकूर साधारण असा ठेवा: "दि. ३१.१२.२०२५ रोजी रात्री ११:४१ आणि ११:५२ वाजता आयटीआर-३ अपलोड करण्याचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा 503 एरर आली. या वेळांना माझ्या पॅनवर काही प्रयत्न नोंदले गेले आहेत का हे कृपया कळवावे." यावर आलेलं उत्तर, अगदी नकारार्थी असलं तरी, पीडीएफ करून ठेवा, उशीर माफीच्या अर्जाला जोडायला तेच लागतं. आणि तक्रार त्याच रात्री टाकली असेल तर तिचं वजन वेगळं, महिन्याभराने टाकलेली आठवणीतून लिहिलेली वाटते.

१५ सप्टेंबरला रात्री रिटर्न लावलं होतं, पोर्टल मेंटेनन्सला गेलं, टूलने तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं. २० तारखेला भरलं. एफ अँड ओचा ३.१ लाख तोटा पुढे नेता येत नाही म्हणतात. खरं का? (ठाणे)

खरंय. धंद्यातला तोटा पुढे न्यायचा तर रिटर्न मूळ मुदतीतच लागतं, उशिराच्या रिटर्नमध्ये तो पुढे जात नाही. (त्याच वर्षीच्या बाकी उत्पन्नातून, पगार सोडून, वजा करायला अडचण नाही.) परिपत्रकात तोट्याच्या क्लेमसाठीही उशीर माफीचा रस्ता आहे, ५ वर्षं तिथेही आहेत, त्यामुळे अर्ज करा.

मात्र तुमच्या केसची कमजोर बाजू ऐकून घ्या. ऑडिट नसलेल्यांची मुदत आधी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर २०२५ केली होती, मग १५ च्या रात्री ती १६ केली आणि युटिलिटीत बदल करायला पोर्टल १६ ला रात्री १२ ते अडीच मेंटेनन्सला ठेवलं. टूल नेमकं त्याच अडीच तासांत धडकलं. पण पुढचा आख्खा दिवस मुदत होती, मग आयुक्त पहिलाच प्रश्न विचारतील, सकाळी का नाही भरलंत? "मुदत वाढल्याचं कळलंच नाही" हे उत्तर दुबळं आहे. १६ ला दिवसभरात पुन्हा प्रयत्न केल्याचा लॉग, स्लो झाल्याचे स्क्रीनशॉट, नाहीतर त्या दिवशी आजारपण वगैरे असेल तर कागद, जे खरं असेल ते जोडा. काहीच नसेल तर अर्ज करा पण अपेक्षा कमी ठेवा. आणि एक, जुनी करप्रणाली घ्यायची होती का? ती निवडायचीही वेळ मूळ मुदतीपर्यंतच असते, म्हणून २० तारखेचं रिटर्न नव्या प्रणालीनेच गेलं असेल, ते वेगळं तपासा.

हा सगळा खटाटोप नको, अपडेटेड रिटर्न भरलं तर नाही का चालणार? (बार्शी)

रिफंड मागायला किंवा तोटा दाखवायला ते चालत नाही, तो फॉर्म उरलेला कर जास्तीच्या रकमेसकट भरायचा आहे. तुम्हाला कर देणं निघत असेल तरच तिकडे वळा.