केकचा फोटो आला, खाली एक अक्षर नाही

‘मैत्रिणीनं नुसता वाढदिवसाच्या केकचा फोटो पाठवलाय. काही लिहिलेलं नाही, काही विचारलेलं नाही. कोणाचा वाढदिवस, कितवा, कळायला मार्ग नाही. यावर लिहायचं तरी काय? आणि अंदाज चुकला तर?’

एक वाक्य केकबद्दल लिहा, एक शुभेच्छांचं लिहा, आणि शुभेच्छा कोणाला ते न लिहिता थांबा. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण इतकं सोपं उत्तर लोकांच्या हातून का लिहिलं जात नाही, हे मला एका बाईंमुळे नीट कळलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या वेगळ्याच कारणासाठी. कोणालाही साधा निरोप लिहायचा म्हटलं की लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या आणि शेवटी फोन उलटा ठेवून द्यायच्या. चौथ्या-पाचव्या भेटीत त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. शाळेतल्या मैत्रिणीनं केकचा फोटो पाठवला होता. त्याला तीन दिवस झाले होते आणि उत्तर गेलेलं नव्हतं.

“प्रश्नच नाही मॅडम, तर उत्तर कशाचं देऊ?” त्या म्हणाल्या.

यामागे एक जुना किस्सा निघाला. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं असाच फोटो टाकला होता. केकवर १ आकड्याची मेणबत्ती होती. यांनी हौसेनं लिहिलं, ‘बाळाला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!’ उत्तर आलं, ‘अहो, बाबा ७१ झाले.’ सात फोटोच्या चौकटीबाहेर राहिला होता. दिवसभर ऑफिसात हसाहशी झाली, कोणी वाईट हेतूनं हसलं नव्हतं, पण बाईंनी त्या दिवसापासून फोटो आला की अंगठा दाखवायचा किंवा गप्प बसायचं, असं ठरवून टाकलं.

मी म्हणाले, “या फोटोत काय आहे, सांगा.”

“मुलाचा पाचवा वाढदिवस आहे.”

“मूल दिसतंय?”

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. “नाही.”

“मुलगा आहे हे कशावरून?”

“नाव आहे ना खाली. म्हणजे, पूर्ण दिसत नाहीये. सुरी आडवी आलीये. शेवटचा ऊकार तेवढा दिसतोय. सोनू, चिंटू असं काहीतरी असणार.”

“आणि पाचवा?”

“हा काय, पाच आहे की.”

इथे थोडं माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल. माझा कल गेस्टाल्ट या, आत्ता समोर काय आहे त्याकडे लक्ष वेधणाऱ्या मानसोपचाराच्या विचारसरणीकडे आहे. तिच्यातली एक साधी सवय मी जवळजवळ प्रत्येकाला लावते: डोळ्यांना काय दिसतं आणि मनाला काय वाटतं, यांच्यात रेघ मारायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण अंदाज इतक्या चटकन दिसण्याच्या जागी येऊन बसतो की आपण अंदाज बांधला हेच आपल्याला कळत नाही. बाईंना ‘पाचवा वाढदिवस’ दिसत होता. फोटोत होती एक तिरकी मेणबत्ती.

आकड्यांची मेणबत्ती तर फारच बेभरवशाची साक्षीदार. दोन आकडे असले तर त्यातला एक कडेला कापला जातो. ६ आणि ९ उलटे रोवले तर एकमेकांची जागा घेतात. पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो कधी आरशासारखा उलटा येतो, मग १८ चे ८१ वाचले जातात. नावाचंही तसंच. क्रीमनं लिहिलेलं नाव बऱ्याचदा घरातलं लाडाचं असतं, ते बाहेरच्यानं वापरलं की घरात न विचारता शिरल्यासारखं होतं. आणि केक बनवणाऱ्यानं नाव चुकवलेलं असलं तर ती चूक आपण आणखी एकदा छापतो.

मी त्यांना पुन्हा विचारलं, “फक्त दिसतं ते सांगा. वाटतं ते नको.”

त्या सावकाश बोलू लागल्या. “पांढरा केक आहे. एका बाजूला जरा कललेला. वर ‘हॅपी बर्थडे’ लिहिलंय. हॅपी ऐसपैस आहे, बर्थडेला जागा पुरली नाही, शेवटचं अक्षर कडेवरून खाली घसरलंय. भोवती क्रीमचे गुलाब आहेत. हे पहिले काही एकसारखे आहेत, मग मोठे होत गेलेत, आणि शेवटचे तीन एकमेकांना चिकटलेत...”

आणि त्या थांबल्या. फोटो त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

“मॅडम, हा विकतचा नाहीये. हा कोणीतरी घरी केलाय. दमत दमत केलाय.”

मी या कामात वीसेक वर्षं आहे. अशा क्षणी मी काही बोलत नाही, आणि ते न बोलणं मला फार उशिरा जमलं. तीन दिवस त्या फोटोकडे पाहून त्यांना फक्त न सुटलेलं कोडं दिसत होतं. आता पहिल्यांदा केक दिसला होता.

मग लिहायला घेतलं. पहिला मसुदा असा होता: ‘अगं वा! कोणाचा वाढदिवस? कितवा? सॉरी, उशिरा बघितलं, गेले तीन दिवस फार गडबड होती, त्यात फोनही नीट चालत नव्हता...’ माफीच्या पुढे आणखी चार ओळी होत्या.

“मोठ्यानं वाचा,” मी म्हणाले.

वाचता वाचता त्या स्वतःच हसल्या. “हे फॉर्म भरून घेतल्यासारखं वाटतंय. नाव, वय.”

तेच म्हणायचं होतं. ‘कोणाचा?’ आणि ‘कितवा?’ यांत वाईट काही नाही, पण पहिल्याच ओळीत आले की समोरच्याला आनंद बाजूला ठेवून माहिती पुरवावी लागते. शिवाय जवळच्या माणसानं ‘कोणाचा?’ विचारलं तर ‘हिच्या लक्षातच नाही’ असंही वाटू शकतं. माफीच्या चार ओळींनी तर केक टेबलावरून उचलून आपली गडबड तिथे मांडली होती. त्या सगळ्या गेल्या. तीन दिवस झाले तर झाले, केकच्या कौतुकाची मुदत संपत नाही.

दुसऱ्या मसुद्यात ‘त्याला शुभेच्छा सांग’ आलं. ‘त्याला’ म्हटलं की पुरुष ठरला, ‘तिला’ म्हटलं की बाई ठरली. त्यांनी चलाखीनं ‘त्यांना’ केलं. बरं झालं, पण वाढदिवस पाठवणारीचा नाही, हे तरीही ठरलंच होतं. हीच गफलत मला सगळ्यात जास्त भेटते. स्वतःच्या वाढदिवसाचा केक माणूस बिनशब्दांचा पाठवतो, कारण ‘आज माझा वाढदिवस आहे’ असं लिहायला संकोच वाटतो.

मराठीनं इथे आपली छान सोय करून ठेवली आहे. ‘वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा!’ एवढंच म्हटलं की वाक्य पुरं होतं. कोणाला, हे सांगायची सक्ती नाही. ज्याच्या असतील त्याला त्या पोचतात.

शेवटी गेलं ते उत्तर असं: ‘किती सुंदर केक! कडेचे गुलाब एकेक करून काढलेत, त्यात हात दिसतोय. वाढदिवसाच्या भरभरून शुभेच्छा! केक कापतानाची गंमत ऐकायला आवडेल.’

शेवटच्या वाक्यावर मी अडून बसले होते, कबूल करते. बाईंना ते नको होतं. पण तिथे प्रश्नचिन्ह नाही, म्हणून उत्तराचं ओझं नाही, आणि सांगायचं असेल तर दार उघडं आहे. शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये, जवळच्या माणसाची आनंदाची बातमी आपण कशी घेतो, यावर काम प्रसिद्ध केलं. नात्यातल्या समाधानाशी जोड सापडली ती उत्साहानं रस घेणाऱ्या प्रतिसादाची. नुसतं ‘छान’ म्हणून गप्प होणं त्यात मोडत नव्हतं. बाईंचा अंगठा म्हणजे तेच ‘छान’. तो दाखवल्यानं चूक होत नाही, पण समोरच्याला पुढे बोलावंसं वाटेल असंही त्यात काही नसतं.

उत्तर त्याच रात्री आलं. पुढच्या भेटीत त्यांनी ते मला वाचून दाखवलं.

‘माझाच गं. पन्नास. शून्याची मेणबत्ती पिशवीतच मोडली, म्हटलं पाचावर भागवू. केक आयुष्यात पहिल्यांदा केला, तोही स्वतःसाठी. एवढ्या जणांना पाठवला, चौघांनी नातवाला आशीर्वाद दिलेत! गुलाब फक्त तुला दिसले.’

तो ऊकार तिच्या माहेरच्या हाकेतला निघाला.

आणि मजा बघा, दोघी एकाच वर्गातल्या. बाईंची स्वतःची पन्नाशी चार महिन्यांपूर्वीच झालेली. मैत्रिणीचं वय त्यांना पाठ होतं, तरी पाच पाहिल्यावर मूलच दिसलं.

ही रीत कुठे पुरत नाही, तेही सांगायला हवं. काही केक गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाचे असतात. तेव्हाही पाठवणारा बऱ्याचदा काही लिहीत नाही, कारण लिहिणंच जड असतं. फोटोत केकमागे कोणाची तसबीर आहे का, कापण्याची काही तयारीच दिसत नाही का, हे पाहा. तशी शंका आली तर उद्गारचिन्हं आणि ‘गंमत’ गाळा. ‘केक पाहिला. किती मायेनं मांडलाय. बोलावंसं वाटलं तर मी आहे’ एवढं पुरतं, आणि शंका खोटी ठरली तरी या शब्दांनी कोणाचं बिघडत नाही. शंका येण्यासारखं काहीच दिसत नसताना मात्र उगीच हळू आवाजात बोलू नका. आनंदी फोटोला दबकून दिलेलं उत्तरही माणसाला लागतं.

बाई आणखी दोन महिने येत होत्या. जवळजवळ शेवटच्या भेटीत म्हणाल्या, “त्या ऑफिसातल्या सहकाऱ्यानं परवा केकचा फोटो टाकला. या वेळी त्यात नुसता ३ दिसत होता.”

“मग?”

“मग काय, लिहिलं,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्याच विषयाला लागल्या. काय लिहिलं, ते मी विचारलं नाही.